सराफाने ओळख पटवायची कुणाची?

मी सराफांच्या दुकानात चालणाऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. आमच्या टीममधली टेस्टर एकदा विचारत होती, "बिल बरोबर दोन लाखांचं झालं, तर पॅन मागायचा की नाही?" एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. असे प्रश्न विचारायचाच तिला पगार मिळतो.

उत्तरासाठी नियमांचे मूळ शब्द काढून बसलो, तर गंमत निघाली. १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम २६९ एसटी म्हणतं, "दोन लाख किंवा त्याहून जास्त" रोख घेऊ नका. आणि त्याच कायद्याखालचा नियम ११४ बी म्हणतो, व्यवहार "दोन लाखांपेक्षा जास्त" असेल तर पॅन घ्या. आमच्या भाषेत, पहिल्या ठिकाणी >= आहे आणि दुसऱ्या ठिकाणी >. म्हणजे बरोबर २,००,००० रुपयांच्या बिलाला पॅन लागत नाही, पण ते बिल पूर्ण रोखीत घेणं मात्र बेकायदा. दोन्ही नियम एकाच आकड्याभोवती फिरतात, म्हणून लोकांना ते एकच वाटतात. खरं तर ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांसाठी आले. एक नोटांबद्दल आहे, दुसरा माणसाबद्दल. (कलमांचे हे क्रमांक जुन्या कायद्यातले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ते बदलतात.)

पण सराफाने गिऱ्हाइकाची ओळख पटवावी ही कल्पना पॅन कार्डापेक्षा बरीच जुनी आहे. आणि ती पहिल्यांदा आली तेव्हा सुप्रीम कोर्टात आपटली होती.

१९६२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झालं. परकीय चलनाची चणचण आधीपासून होतीच. तेव्हा जगात सोन्याचा अधिकृत भाव होता औंसाला ३५ डॉलर, आणि मुंबईतला भाव त्याच्या कितीतरी वर. सोन्याच्या आयातीला बंदी, मागणी मात्र कायम. एवढी तफावत असली की चोरटी आयात होणारच, आणि ती समुद्रमार्गे होत होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांच्या छत्राखाली सुवर्ण नियंत्रण आणलं. नवे दागिने १४ कॅरेटपेक्षा शुद्ध करायचे नाहीत. दागिन्यांच्या रूपात नसलेलं सोनं, म्हणजे लगड, चिपा वगैरे, सरकारला जाहीर करायचं. धंदा करणाऱ्याने परवाना घ्यायचा.

१४ कॅरेट म्हणजे २४ पैकी १४ भाग सोनं, साधारण ५८ टक्के. आपल्याकडचा २२ कॅरेटचा दागिना जवळपास ९२ टक्के असतो. सरकारचा हिशेब असा, की कमी शुद्धतेच्या दागिन्याचा लोकांना मोह राहणार नाही, मागणी घटेल आणि तस्करीही. झालं काय, तर लोकांनी १४ कॅरेट घेतलंच नाही. सोनं आपल्याकडे दागिना असतं आणि अडीनडीला मोडायची ठेवही असते. ५८ टक्क्यांची ठेव कोण करणार? शिवाय मिश्रण जास्त असलेलं सोनं कडक असतं आणि पारंपरिक नाजूक कामाला साथ देत नाही. सर्वांत मोठा फटका बसला तो सोनारांना. हातात कला होती, पण ज्या धातूवर ती चालायची तो बाजारातून गेला. देशभर सोनार बेकार झाले, आंदोलनं झाली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. शेवटी १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट गेली.

नियंत्रण मात्र गेलं नाही. १९६८ मध्ये रीतसर सुवर्ण नियंत्रण कायदा झाला. सामान्य माणसाला लगडीच्या रूपातलं सोनं बाळगायला बंदी. दागिने चालतील, पण एका व्यक्तीकडे २००० ग्रॅमहून जास्त आणि कुटुंबाकडे ४००० ग्रॅमहून जास्त असतील तर ते जाहीर करायचे. सराफाने आलेल्या-गेलेल्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवायचा. आणि याच कायद्यात कलम १०० होतं: सराफ, सोनार किंवा शुद्धीकरण करणारा कोणाकडून सोनं घेत असेल, तर त्याने आधी त्या माणसाची ओळख पटवून घ्यावी.

चोरीचं किंवा तस्करीचं सोनं बाजारात शिरतं ते असंच, कुणीतरी ते दुकानात आणून देतं म्हणून. तेव्हा हेतू समजण्यासारखा आहे. पण १९६८चं एखादं तालुक्याचं गाव डोळ्यांसमोर आणा. आठवडी बाजाराच्या दिवशी पाच कोसांवरच्या वाडीतून एक बाई आली आहे, हातात दोन जुन्या पाटल्या आहेत. तिच्याकडे फोटो असलेलं कोणतंही ओळखपत्र नाही, कारण तेव्हा ते जवळजवळ कुणाकडेच नव्हतं. ती नाव सांगते, गाव सांगते. सोनाराने काय करायचं? वाडीवर माणूस पाठवायचा? आणि पुढे ती माहिती खोटी निघाली तर दोष कुणाचा?

हरकचंद रतनचंद बांठिया विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सराफ सुप्रीम कोर्टात गेले. नोव्हेंबर १९६९ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आला. कायदा म्हणून कायदा टिकला. सोन्यावर नियंत्रण ठेवायचा सरकारचा अधिकार कोर्टाने मान्य केला. पण काही कलमं व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन घालतात म्हणून रद्द झाली, आणि त्यांत हे कलम १०० होतं.

मला हा निकाल फार आवडतो, आणि त्याचं कारण माझ्या कामाशी जोडलेलं आहे. आम्हाला कुणी "युजरची नीट खात्री करून घ्या" एवढंच लिहून दिलं, तर त्याचं सॉफ्टवेअर होत नाही. नीट म्हणजे काय? कोणतं कागदपत्र? कशाशी ताडायचं? ते पुरेसं कधी मानायचं? जिथे हे लिहिलेलं नसतं, तिथे जबाबदारी नियम लिहिणाऱ्यावरून घसरून काउंटरवर बसलेल्या माणसावर जाते. १९६९ मधल्या सोनाराच्या डोक्यावर नेमकी तीच जबाबदारी होती.

सुवर्ण नियंत्रण पुढेही दोन दशकं चाललं. ते मोडीत काढलं ते एका मराठी अर्थमंत्र्याने. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी १९९०च्या अर्थसंकल्पात ते रद्द करायचं ठरवलं आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये कायदा गेला. जुन्या सराफी पेढ्यांवर आजही कुणी ज्येष्ठ "गोल्ड कंट्रोलच्या काळात" असं वाक्य सुरू करतात, तेव्हा ती ही सत्तावीस वर्षं.

त्यानंतर सरकारने सोनं मोजणं सोडलं आणि नोटा मोजायला घेतलं, असं मला दिसतं. तुमच्याकडे किती तोळे आहेत याच्याशी घेणं नाही. ते घ्यायला पैसे कुठून आणले ते सांगा. १ जानेवारी २०१६ पासून दोन लाखांवरच्या कोणत्याही खरेदीला पॅन सक्तीचा झाला. दागिन्यांसाठी ही मर्यादा आधी पाच लाख होती. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद होत असल्याची घोषणा झाली, आणि अनेक शहरांत सराफी दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी राहिली. जुन्या नोटा द्या, सोनं न्या. पॅनची मर्यादा दोन लाख असल्यामुळे बिलं अर्थातच त्याच्या जरा आत.

पुढे तपास यंत्रणांनी दुकानांकडून त्या दिवसांची बिलं, साठ्याचे हिशेब आणि सीसीटीव्ही चित्रण मागवलं. खोटी बिलं कशी ओळखू येतात हे समजून घ्यायला एक काल्पनिक दुकान घेऊ. समजा त्याने त्या रात्री आठ ते बारा या चार तासांत २०० बिलं दाखवली, प्रत्येकी १,९०,००० रुपयांची. एकूण ३ कोटी ८० लाख. कागदावर सगळं ठीक दिसतं. पण चार तासांत २०० बिलं म्हणजे दर ७२ सेकंदांना एक. तेवढ्यात दागिना पसंत करायचा, तोलायचा, बिल करायचं आणि हजारच्या १९० नोटा मोजायच्या. दुसरं, तेव्हा भाव दहा ग्रॅमला साधारण तीस हजार धरला तर हे साडेबारा किलोच्या आसपास सोनं होतं. ते आदल्या दिवशी साठ्याच्या वहीत होतं का? तिसरं, दुकानाची रोजची सरासरी दहा बिलांची असेल तर ही दोनशे माणसं कोण? आणि चौथं, बिलांचे क्रमांक. बिलाचा क्रमांक ओळीने चढता असावा लागतो. नोव्हेंबरचं बिल मागच्या तारखेने ऑक्टोबरमध्ये घुसवायचं, तर मधे जागा रिकामी हवी. ती नसेल तर दोन बिलांना एकच क्रमांक येतो, नाहीतर सगळी रांग पुन्हा लिहावी लागते. आणि सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये बिलाच्या छापील तारखेशिवाय नोंद नेमकी कधी झाली ती वेळही पडून असते, हे बनवाबनवी करणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

काळ्या पैशाविषयीच्या न्यायमूर्ती एम. बी. शहा यांच्या विशेष पथकाने जुलै २०१६ मध्येच रोखीच्या व्यवहारांवर तीन लाखांची मर्यादा सुचवली होती. १ फेब्रुवारी २०१७च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तोच आकडा मांडला, आणि विधेयक मंजूर होता होता तो दोन लाखांवर आला. १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेलं कलम २६९ एसटी ते हेच.

आता एक लग्न घेऊ, डिसेंबर २०२४ मधलं. मुलीसाठी मंगळसूत्र, पाटल्या आणि चपलाहार मिळून ६६ ग्रॅम, २२ कॅरेट. सोयीसाठी भाव ग्रॅमला ७,१०० रुपये धरू. सोन्याची किंमत ४,६८,६०० रुपये. त्यावर १२ टक्के मजुरी ५६,२३२ रुपये. बेरीज ५,२४,८३२, त्यावर ३ टक्के जीएसटी. बिल झालं ५,४०,५७७ रुपयांचं. घरची जुनी मोड दिली, तिचे १,६०,००० धरले. उरले ३,८०,५७७. वडील म्हणतात, "रोख देतो."

सराफ एवढी रोख घेऊ शकत नाही. मग वडील म्हणतात, "बरं, एक लाख नव्वद हजार रोख, बाकी चेकने." हे चालतं, कारण मर्यादा रोखीवर आहे, बिलावर नाही. पण पुढचं वाक्य असतं, "मग आता पॅन नको ना, रोख दोन लाखांच्या आत आहे!" इथे गल्लत होते. पॅनचा नियम पैसे कसे दिले ते बघतच नाही, तो व्यवहाराची किंमत बघतो. बिल पाच लाख चाळीस हजारांचं आहे, तेव्हा सगळी रक्कम यूपीआय आणि चेकने दिली तरी पॅन द्यावाच लागणार. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरायचा.

मग तिसरी युक्ती निघते. आज थोडी, उद्या थोडी, परवा थोडी रोख, म्हणजे रोज दोन लाखांच्या आत. कलमाने हे दार आधीच लावलं आहे. त्यात तीन स्वतंत्र कसोट्या आहेत: एका माणसाकडून एका दिवसात मिळालेली रोख, एकाच व्यवहारापोटी मिळालेली रोख, आणि एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी एका माणसाकडून मिळालेली रोख. तिन्हींपैकी एकीतही आकडा दोन लाखांना टेकता कामा नये. एका बिलाचे पैसे तीन दिवसांत विभागले तर दुसरी कसोटी अडवते. तीन दिवशी तीन बिलं केली तर तिसरी, कारण प्रसंग एकच आहे, लग्न. तीन बिलं आई, वडील, काका अशा तीन नावांवर केली तर कलमातले "एका माणसाकडून" हे शब्द आडवे येतात. काकांनी खरोखर स्वतःच्या पैशाने अंगठी घेतली असेल तर ती त्यांचीच खरेदी. पण पैसे एकाच खिशातले आणि नावं तीन, असं असलं तर तो नुसता देखावा आहे, आणि एकाच पत्त्यावरची, एकाच मोबाइल क्रमांकाची, पाठोपाठच्या क्रमांकांची तीन बिलं तो लपवू शकत नाहीत.

या कलमातला दंड कुणाला, हेही बघा. घेणाऱ्याला, आणि घेतली तेवढ्याच रकमेचा. म्हणजे सराफाने ३,८०,५७७ रोख घेतली तर दंड ३,८०,५७७. सबळ कारण दाखवता आलं तरच सुटका. वडिलांना या कलमाखाली दंड नाही (पैसे कुठून आले हा प्रश्न त्यांना वेगळा विचारला जाऊ शकतो, तो भाग निराळा). काउंटरवर सराफ हटून बसतो ते तुमच्यावर संशय आहे म्हणून नव्हे. त्याचा या दागिन्यांवरचा नफा त्या दंडापुढे किरकोळ असतो.

१९६९ मधला प्रश्न मग सुटला का? बराचसा. आज विक्रेत्याने पॅन बरोबर लिहिला आहे याची पडताळणी करायची असते, आणि आता ते शक्य आहे, कारण पडताळायला काहीतरी आहे. पॅन दहा खुणांचा असतो: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं, व्यक्तीसाठी ते इंग्रजी पी. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर. बिल जोशींच्या नावावर आणि पाचवं अक्षर के, तर थांबून विचारायला हवं. (लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हे नेहमी होतं, तेव्हा लगेच चोर समजू नये.)

तरी "किती ओळख पुरे" हा वाद पुन्हा एकदा उसळला. २३ ऑगस्ट २०१७ रोजी सराफांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणणारी अधिसूचना निघाली, आणि पन्नास हजारांच्या खरेदीलाही ओळखपत्र द्यायची वेळ आली. त्या भावात पन्नास हजार म्हणजे दीड तोळ्याच्या आसपास. साधी साखळी घ्यायला गेलेल्या माणसाकडे कागदपत्रं मागायची. गिऱ्हाइकं बिचकली, दिवाळी तोंडावर होती. ६ ऑक्टोबरला ती अधिसूचना मागे घेतली गेली.

२८ डिसेंबर २०२० रोजी ती नव्या रूपात परत आली. या वेळी उंबरठा होता एका गिऱ्हाइकाशी दहा लाख किंवा त्याहून जास्त रोखीचा व्यवहार, एकदम किंवा एकमेकांशी जोडलेल्या टप्प्यांत. "आता प्रत्येक दागिन्याला केवायसी" अशा बातम्या फिरल्या, आणि जानेवारी २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाला खुलासा करावा लागला की दोन लाखांच्या आतल्या रोख खरेदीला नवं काही लागणार नाही. आता जरा जोडून बघा. दोन लाखांपासून वर रोख घ्यायलाच बंदी आहे, तेव्हा नियम पाळणारा सराफ दहा लाखांच्या उंबरठ्यापर्यंत पोचणारच कसा? आम्ही कोडमध्ये याला कधीच न चालणारी ओळ म्हणतो. ती तिथे आहे, कारण मनी लाँडरिंगवर लक्ष ठेवणारी एफएटीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था मौल्यवान धातूंच्या व्यापाऱ्यांसाठी १५ हजार डॉलर किंवा युरोच्या रोख व्यवहारांपासून तपासणीची अपेक्षा करते. अपेक्षा त्यांची, ओळ आपली.

राहिलं बिल. पावतीला आपण फार किंमत देत नाही, दागिना डबीत ठेवतो आणि कागद पिशवीत विसरतो. जीएसटीच्या नियमांनुसार नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचं बिल पन्नास हजार किंवा जास्त असेल तर त्याचं नाव आणि पत्ता बिलावर यायला हवा. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर प्रत्येक नगाचं निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धता हवी. १ एप्रिल २०२३ पासून सहा खुणांचा एचयूआयडी कोरल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो घातला की सराफ आणि हॉलमार्क केंद्र कळतं, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता कळते. दागिना कुणाचा आहे ते मात्र कळत नाही. दागिन्याची ओळख दागिन्यावर, तुमची ओळख फक्त बिलावर, आणि दोन्ही जोडणारा तो एकच कागद.

तो कधी लागतो? दागिना विकताना, खरेदीची किंमत दाखवायला. किंवा घरावर आयकराचा छापा पडला तर. १९९४ची एक सूचना आहे: छाप्यात विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. डिसेंबर २०१६ मध्ये ती पुन्हा सांगितली गेली, आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर ती "सोनं बाळगायची मर्यादा" म्हणून फिरते. ती तशी मर्यादा नाही. त्यावरचं सोनं बाळगता येतं, फक्त ते कुठून आलं हे सांगता यायला हवं, आणि ते बिल सांगतं.

सराफाकडून दुसरी प्रत मिळेल, असं धरून चालू नका. जीएसटी कायद्याने त्याच्यावर नोंदी जपायचं बंधन वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिन्यांचं घातलं आहे, म्हणजे सहा वर्षं. मंगळसूत्र त्याहून बरंच जास्त टिकतं. आणि बिल थर्मल कागदावर छापलेलं असेल तर अक्षरं त्याआधीच उडतात. म्हणून दुकानातून बाहेर पडायच्या आधी त्याचा फोटो काढा, नगांची वजनं आणि बिल क्रमांक दिसतील असा.